बिलांची नोंदवही आणि थकबाकीचे वय

बिल केव्हा दिले हे प्रत्येक नोंदवहीत लिहिलेले असते. पैसे केव्हा यावयाचे होते, हे मात्र पुष्कळ वह्यांत नसते. थकबाकीचा हिशेब बिघडतो तो येथेच.

राजकोट येथील यंत्रांचे सुटे भाग करणारा एक लहान कारखाना उदाहरणादाखल घ्यावा. त्याच्या मालावर वस्तू व सेवा कर 18 टक्के आहे. 10 एप्रिल 2025 रोजी त्याने अहमदाबादेस 40,000 रुपयांचा माल दिला. माल गुजरातेतच राहिला, म्हणून केंद्राचा कर 3,600 आणि राज्याचा कर 3,600 असे दोन रकाने भरले. बिल 47,200 रुपयांचे झाले. 5 मे रोजी पुण्यास 1,00,000 रुपयांचा माल गेला. येथे राज्याची सीमा ओलांडली, म्हणून 18,000 रुपये एकात्मिक कराच्या एकाच रकान्यात आले आणि बिल 1,18,000 रुपयांचे झाले. 12 जूनचे तिसरे बिल राजकोटमधलेच, करासह 23,600 रुपयांचे. पुण्याची मुदत 45 दिवसांची, इतर दोघांची 30 दिवसांची. पुण्याहून 50,000 रुपये आले आहेत.

आता 30 जून रोजी हिशेब करावयाचा आहे. दिवस मोजावयाचे ते मुदतीच्या तारखेपासून, बिलाच्या तारखेपासून नव्हे. अहमदाबादची मुदत 10 मे रोजी संपली. 51 दिवस झाले, म्हणून 47,200 रुपये 31 ते 60 दिवसांच्या गटात जातात. पुण्याची मुदत 19 जूनला संपली. उरलेले 68,000 रुपये 1 ते 30 दिवसांच्या गटात. तिसऱ्या बिलाची मुदत 12 जुलै. ते 23,600 रुपये थकलेलेच नाहीत. बिलाच्या तारखेपासून मोजले असते, तर या ग्राहकास 18 दिवसांचा थकबाकीदार ठरवून विनाकारण तगादा गेला असता.

संगणकावर हिशेबाची तारीख P1 या एका चौकटीत आणि मुदतीची तारीख D2 मध्ये ठेवावी; मग थकलेले दिवस असे निघतात:

```
=MAX(0,$P$1-D2)
```

येथे `TODAY()` वापरल्यास दिवस रोज बदलतात आणि 30 जूनचा छापील तक्ता उद्याच्या पडद्याशी जुळत नाही.

शेवटी पडताळा घ्यावा. बिलांची बेरीज 1,88,800. त्यातून आलेले 50,000 वजा करता येणे 1,38,800. तिन्ही गटांची बेरीजही तेवढीच यावयास हवी, आणि ती येते. न आल्यास एखादी आंशिक वसुली नोंदवावयाची राहिली आहे, किंवा बाकीच्या रकान्यात कर सोडून केवळ मालाची किंमत धरली गेली आहे, असे समजावे.

ही दुसरी चूक महागात पडते. मालावरील कर पैसे येण्याची वाट पाहत नाही. मासिक विवरण भरणाऱ्या या कारखान्याच्या एप्रिलच्या बिलावरील 7,200 रुपयांचे करदायित्व 20 मेपर्यंत चुकते करावयाचे होते. अहमदाबादहून मात्र अद्याप एक रुपयाही आलेला नाही.