नोंदी आपल्या आहेत, त्या नेमक्या शब्दांत मागूया
(सार्वजनिक ग्रंथालयांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्ष म्हणून मला आज एकाच पत्राबद्दल बोलायचं आहे. ते आपल्या ग्रंथालयाने सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीला लिहायचं आहे. आपली संपूर्ण माहिती वापरता येईल अशा स्वरूपात द्या, किंवा ती वाचण्यासाठी एपीआय द्या, ही त्यातली मागणी. अनेकांनी असं पत्र लिहिलं आहे आणि उत्तरादाखल त्यांच्या हाती एखादी एक्सेल फाईल पडली आहे. पुढे तिचा उपयोग झाला नाही, कारण पत्रात ‘डेटा मिळावा’ एवढंच म्हटलं होतं.

एक साधा प्रश्न घ्या. गेल्या पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं कोणती? नवी खरेदी आणि जागेची आखणी यावर ठरते. सॉफ्टवेअरमध्ये ‘सर्वाधिक वाचलेली पुस्तके’ हा तयार अहवाल असतो, पण न वाचलेल्यांचा बहुधा नसतो. तयार अहवाल सहसा देवघेवीच्या नोंदींवरून निघतो, आणि जे पुस्तक कधी गेलंच नाही त्याची देवघेवीत नोंदच नसते. उत्तर हवं असेल तर प्रतींची पूर्ण यादी आणि देवघेवीचा पूर्ण इतिहास अशा दोन फाईली शेजारी ठेवून पहिलीतलं काय दुसरीत नाही ते शोधावं लागतं. म्हणूनच आपल्याला तयार अहवालांखालच्या मूळ नोंदी हव्यात.

पत्रात फाईलींची नावं घ्या: ग्रंथनोंदी, प्रती, सभासद, देवघेव, वर्गणी आणि अनामत. प्रत्येकीसाठी स्वतंत्र सीएसव्ही फाईल मागा, ग्रंथनोंदी शक्य असल्यास मार्क २१ मध्येही मागा. त्यानंतरचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. ते मी वाचून दाखवतो: ‘देवघेवीच्या प्रत्येक ओळीत सभासद क्रमांक आणि दाखल क्रमांक असावा, केवळ नाव व शीर्षक चालणार नाही.’ एकाच नावाचे दोन सभासद असतात, एकाच कादंबरीच्या चार प्रती असतात. क्रमांक गळले की कोणती प्रत कोणाकडे गेली होती, हे नंतर कोणालाही जुळवता येत नाही.

दुसरं वाक्य बाद नोंदींबद्दल. समजा, दाखल नोंदवहीतला शेवटचा क्रमांक २६,५०० आहे आणि आलेल्या फाईलीत २४,००० ओळी आहेत. मधल्या २,५०० प्रती बहुधा बाद केलेल्या, हरवलेल्या किंवा बांधणीला गेलेल्या असतात, आणि कंपनीने फक्त ‘चालू’ प्रती पाठवलेल्या असतात. पण पाच वर्षांच्या देवघेवीत त्या बाद प्रतीही आहेत. त्यांच्याशिवाय जुन्या ओळी अनाथ राहतात आणि बेरजा चुकतात. म्हणून ‘बंद सभासद आणि बाद प्रतींसह’ असं स्पष्ट लिहा. शिवाय प्रत्येक फाईलीतल्या ओळींची संख्या कंपनीने उत्तरात लेखी द्यावी, असंही लिहा. ती संख्या आपल्या नोंदवहीशी ताडून पाहणं ही आलेल्या माहितीची पहिली परीक्षा.

आता मराठीचा खास प्रश्न. पत्रात ‘सर्व मजकूर युनिकोडमध्ये, UTF-8 स्वरूपात’ हे शब्द हवेतच. तरीही फाईल उघडल्यावर मराठी दिसलं नाही, तर घाबरण्याआधी नेमकं काय दिसतंय ते पाहा. ‘प’च्या जागी à¤ª अशी चिन्हं दिसली तर माहिती बहुधा शाबूत आहे, उघडताना एक्सेलला UTF-8 सांगायचं राहिलं आहे. ‘टेक्स्ट/सीएसव्हीमधून आयात’ हा पर्याय घेतला की ती सुधारते. विस्कटलेली रोमन अक्षरं दिसली आणि विशिष्ट फॉन्ट लावल्यावरच त्यांची मराठी झाली, तर नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये साठवलेल्या आहेत. अशा वेळी फॉन्टचं नाव विचारा आणि रूपांतर करून मागा. आणि नुसती प्रश्नचिन्हं, ???? अशी दिसली, तर अक्षरं नष्ट झाली आहेत. त्या फाईलीतून ती परत येणार नाहीत. बहुतेकदा हे फाईल काढताना घडतं आणि मूळ नोंदी सुरक्षित असतात, म्हणून फाईल लगेच परत करून नवी मागायची.

याच आयात करण्याच्या वेळी दाखल क्रमांकाचा स्तंभ ‘मजकूर’ म्हणून घ्या. तसं केलं नाही तर एक्सेल ००४५२ चं ४५२ करतं आणि दोन फाईली एकमेकींशी जुळेनाशा होऊ शकतात.

कंपनीकडून येणाऱ्या एका उत्तराबाबत सावध राहा: ‘आम्ही बॅकअप दिलेलाच आहे.’ बॅकअप त्याच कंपनीच्या प्रणालीत परत भरण्यासाठी असतो. तो उघडायला त्याच जातीचा डेटाबेस लागतो, कधी पासवर्ड लागतो, आणि आतल्या तक्त्यांचा अर्थ कंपनीलाच ठाऊक असतो. तो हवाच, पण त्याने आपली मागणी पुरी होत नाही. प्रत्येक स्तंभाचा अर्थ सांगणारा एक कागदही मागा. ‘स्थिती ३’ म्हणजे हरवलेलं की बांधणीला गेलेलं, हे त्याच्याविना कळत नाही.

मग एपीआय केव्हा मागायचा? वार्षिक अहवालाला वर्षातून दोनदा मिळालेली पूर्ण फाईल पुरते. दर महिन्याला आकडे हवेत, किंवा अनेक शाखांचे आकडे एकत्र आणायचे आहेत, तर एपीआय सोयीचा. त्यासाठी चार गोष्टी विचारा. किल्ली फक्त वाचण्यापुरती आहे का? जुना इतिहास मिळतो की आजची स्थिती तेवढीच? ‘अमुक तारखेनंतर बदललेल्या नोंदी’ मागता येतात का? पुसलेल्या नोंदी कळतात का? यातलं शेवटचं उत्तर नकारार्थी असेल, तर आपल्याकडची प्रत हळूहळू खऱ्यापासून दूर जाते, आणि वर्षातून एकदा पूर्ण फाईल मागवून ती ताळ्यावर आणावी लागते.

सभासदांचे फोन आणि पत्ते अहवालाला लागत नाहीत. अहवालाच्या फाईलींतून ते वगळायला सांगा. पूर्ण प्रत मात्र ग्रंथपालाच्या ताब्यात कुलूपबंद राहू द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार या माहितीची जबाबदारी ग्रंथालयावर येते. कंपनी आपल्या वतीने ती हाताळते. मात्र आपली माहिती उचलून दुसऱ्या प्रणालीत नेण्याचा स्वतंत्र हक्क त्या कायद्यात नाही. तो आपल्याला करारातून मिळवावा लागतो.

म्हणून हे पत्र वार्षिक देखभाल कराराचं नूतनीकरण होण्याआधी जायला हवं, कारण त्या वेळी कंपनीलाही आपली सही हवी असते. त्यावर सचिवांची सही असावी, मुदतीची तारीख असावी. सगळं मागण्याआधी शंभर नोंदींचा नमुना मागावा, म्हणजे फॉन्टची आणि क्रमांकांची अडचण आधीच उघड होते. कंपनीच्या माणसांना यात खरोखर काम पडतं. त्याचा वाजवी मोबदला द्यायची तयारी पत्रातच दाखवा. प्रणालीची रचना त्यांची आहे, ती आपण मागत नाही. नोंदी मात्र आपल्या ग्रंथपालांनी एकेक पुस्तक हातात घेऊन केलेल्या आहेत, आणि त्या मागताना आपण संकोच करायचं कारण नाही.

या अधिवेशनापुढे माझा प्रस्ताव आहे: या मागण्यांचा एक समान मसुदा आपण आज मंजूर करावा, आणि प्रत्येक ग्रंथालयाने पुढच्या करारात तो परिशिष्ट म्हणून जोडावा. एकेकट्या ग्रंथालयाला कंपनी ‘असं कोणी मागत नाही’ म्हणू शकते. सगळ्यांनी एकाच शब्दांत मागितलं, तर ते म्हणायला जागा उरणार नाही. आपण हा ठराव संमत कराल, असा मला विश्वास आहे.