लग्नाचा मंडप आणि इसार

श्रोतेहो, विष्णुपुरीत कुणी मंडपवाल्याशी 40,000 रुपयांचा ठराव केला, 10,000 इसार दिला आणि पुढे लग्नच मोडले, असे समजा. मग इसार कोणाचा? 1872 च्या करार कायद्याचे 74 वे कलम म्हणते, ठराव मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाईच मागता येते, आणि तीही लिहिलेल्या रकमेच्या आतच. तेव्हा पावतीवरच तारखा घालाव्यात. महिनाभर आधी कळवले तर 8,000 परत. 15 दिवस आधीपर्यंत कळवले तर निम्मे. त्यानंतर काही नाही, कारण तोवर मंडपवाल्याने त्या तिथीची इतर गिऱ्हाइके परत लावलेली असतात. मात्र तीच तिथी दुसऱ्या कुणी घेतली, तर नुकसान उरत नाही. मग इसार परत द्यावा, हेही लिहा. आणि मंडपवालाच आला नाही तर? इसार परत, वर भरपाई, हेही त्याच पावतीवर हवे.