बाळंतपणानंतर पुन्हा मैदानावर



येथे दिल्लीत, खाशाबा जाधवांचे नाव दिलेल्या सभागृहात, मेरी कोमने २०१८ साली सहावे जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा ती तीन मुलांची आई होती. ऑगस्ट २००७ मध्ये तिला जुळे झाले. पुढचे जगज्जेतेपद नोव्हेंबर २००८ मधले. म्हणजे मधे पंधरा महिने गेले. आपल्याकडे मात्र रजा संपली की लगेच खात्याच्या निवड चाचणीला उभे राहा, असा आग्रह धरला जातो. तो आम्हाला मान्य नाही.

२००८ पासून केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. त्यातली काही प्रसूतीपूर्वीच गेली, तर मागे तितकी कमी उरते. म्हणून हिशेब रजेपासून नव्हे, बाळंतपणाच्या दिवसापासून ठेवावा.

समजा आपल्यापैकी एक धावपटू भगिनी ऑगस्टमध्ये बाळंत झाली. पहिले सहा आठवडे फक्त चालणे. सुरुवात घरातल्या घरात दहा मिनिटांची. सोबत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. लघवी रोखल्यासारखे स्नायू वर ओढायचे, दहा अंक मोजेपर्यंत धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. हे सैल सोडणेच पुष्कळजणी विसरतात. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांची तपासणी झाली की अर्धा तास झपाझप चालणे आणि वजनाविना उठाबशा. शस्त्रक्रिया झाली असेल तर याहून सावकाश.

बारा आठवड्यांआधी धावू नये. त्यानंतरही आधी परीक्षा घ्यावी: अर्धा तास चालणे, एका पायावर दहा सेकंद तोल, जागच्या जागी एक मिनिट धावणे, प्रत्येक पायावर दहा उड्या. यात लघवी गळली, खाली जड वाटले किंवा दुखले, तर धावणे लांबणीवर टाकून स्नायूंच्या तज्ज्ञाला दाखवावे. लाजून गप्प बसल्यानेच ही तक्रार वर्षानुवर्षे राहते.

परीक्षा पार पडली की एक मिनिट धाव, दोन मिनिटे चाल, अशा आठ फेऱ्या, एक दिवसाआड. आधी धावण्याची मिनिटे वाढवावीत, वेग सर्वांत शेवटी. धावल्यानंतर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू झाला किंवा जडपणा आला, तर एक पायरी मागे यावे. स्राव जास्त असेल तर डॉक्टरांकडे जावे. धावण्याआधी बाळाला पाजून घेतले की छाती हलकी राहते.

आमच्या या भगिनीचा बारावा आठवडा नोव्हेंबरात येतो, नेमका दिल्लीच्या धुरक्याचा. अशा सकाळी बाहेर धावण्यापेक्षा घरात उठाबशा बऱ्या. दोन आठवडे उशीर झाला तरी चालेल. आणि रात्रपाळीत किंवा बाळामागे जागरण झाले असेल, तर त्या दिवशीची धाव सोडून नुसते चालावे. चुकलेली धाव दुसऱ्या दिवशी दुपटीने भरून काढू नये.