मुलाखतीचा कागद लावताना

१९७४ च्या मे महिन्यातल्या रेल्वे संपात जे होते, ते आता फार म्हातारे झालेत. त्यांच्या आठवणी आपण रेकॉर्ड करतो. पण त्या उतरवल्यावर हातात जो कागद येतो, तो वाचवत नाही. एका निवृत्त ड्रायव्हरकाकांची मुलाखत मी घेतली. काकू शेजारीच बसल्या होत्या. उतरवून आलं ते असं:

```
[00:14:02] ८ मेला मी ड्यूटीवर गेलो नाही
[00:14:06] मग क्वार्टरवर कोण आलं
[00:14:09] पोलीस आले सामान बाहेर काढलं
[00:14:13] मी स्टोव्हवरचा भात तसाच ठेवून
[00:14:17] निघाले
[00:14:43] दोन पोरं हाताशी
```

आमच्या एका उत्साही मित्राने आधी सगळ्या वेळा पुसल्या आणि प्रश्न सोडून बाकी सगळं काकांच्या नावावर घातलं. म्हणजे क्वार्टरमधून बाहेर पडलेल्या बाईची साक्षच गेली!

वेळ पुसायची नाही. आधी प्रत्येक ओळीपुढे बोलणाऱ्याचं नाव लिहायचं. आपली मराठी इथे मदत करते. तुटलेल्या ओळी जोडल्या की ‘मी निघाले’ होतं, म्हणजे बोलतात त्या काकू. पण ‘मी ऐकलं’, ‘मी पाहिलं’ यांवरून बाई की पुरुष ते कळत नाही. ‘पोलीस आले’ या ओळीवरूनही कळलं नाही. १४ मिनिटं ९ सेकंदांवर टेप लावली, तेव्हा काकूंचा आवाज ऐकू आला. वेळ पुसली असती तर ती जागा शोधत बसलो असतो.

मग एकाच माणसाच्या लागोपाठच्या ओळी एका परिच्छेदात घ्यायच्या आणि फक्त पहिली वेळ ठेवायची. पण जोडण्याआधी अंतर बघा. ‘निघाले’ आणि पुढची ओळ यांच्यात २६ सेकंद आहेत. एका शब्दाला एवढा वेळ लागत नाही. तिथे काकू गप्प झाल्या होत्या. तेही लिहायचं.

```
[00:14:02] काका: ८ मेला मी ड्यूटीवर गेलो नाही.

[00:14:06] प्रश्न: मग क्वार्टरवर कोण आलं?

[00:14:09] काकू: पोलीस आले, सामान बाहेर काढलं. मी स्टोव्हवरचा भात तसाच ठेवून निघाले. (थांबतात) दोन पोरं हाताशी.
```

नाव शेवटपर्यंत एकच हवं. कुठे ‘काकू’, कुठे ‘सौ.’ असं केलं, तर नंतर शोधताना निम्मी उत्तरं हाती लागत नाहीत. विरामचिन्हं घाला, पण बोली सुधारू नका. मुलाखत घेणाऱ्याचं मधलं ‘हं, हं’ गाळलं तरी चालेल, नाहीतर एका वाक्याचे तीन तुकडे होतात. प्रश्नाला उत्तर म्हणून आलेलं ‘हो’ मात्र गाळायचं नाही. ‘तुम्हाला नोटीस मिळाली नव्हती ना?’ याला नुसतं ‘हो’ आलं, तर त्याचा अर्थ आपण लावायचा नाही. प्रश्न आणि ‘हो’ जसेच्या तसे ठेवायचे.

आणि दोनदा टेप ऐकूनही आवाज ओळखू येत नसेल, तर ‘आवाज ओळखला नाही’ असं लिहा आणि काकूंना पुन्हा भेटून ती जागा ऐकवा. मूळ फाईल वेगळी ठेवलेली असू द्या.