अर्धवट डाउनलोड पुढे नेताना

कर्जत-खालापूर पट्ट्यात पावसाळ्यात वीज गेली की वायफायही जातं, आणि सुमारे सहा जीबीची उबुंटूची फाइल चार जीबीवर अडकते. ती अर्धवट फाइल पुसू नका. लिनक्सवर त्याच फोल्डरमध्ये `wget -c` लिहून पुढे तोच पत्ता द्या. मग संगणक सर्व्हरकडे फक्त उरलेला भाग मागतो. सर्व्हरचं उत्तर 206 आलं, तर काम पुढे चालू झालं. 200 आलं, तर तो सगळी फाइल पहिल्यापासून पाठवतोय. शेवटी `sha256sum` चालवून आलेला आकडा उबुंटूच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळं असलं, तरी ती फाइल वापरू नये.

लाईन वारंवार तुटत असेल, तर स्वतःहून पुन्हा प्रयत्न करणारा डाउनलोड मॅनेजर बरा. फोटोंचं मोठं फोल्डर ड्राइव्हवर असेल, तर मात्र मी सिंक क्लायंटच सुचवेन. ब्राउझरमधून घेताना त्याची झिप तिथल्या तिथे बनते, आणि ती मध्येच तुटली की बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. क्लायंट एकेक फाइल उतरवतो, त्यामुळे आलेले फोटो पुन्हा आणावे लागत नाहीत. पण तिथे जपून राहा: सिंक केलेल्या फोल्डरमधून पुसलेला फोटो ड्राइव्हवरूनही जातो.