हत्ती, मूग आणि विषय
(अनुवादकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



आजच्या वेळात मी एकाच वाक्प्रचाराबद्दल बोलणार आहे. सगळ्यांना दिसणारी, पण कोणीच जिच्याबद्दल बोलत नाही अशी मोठी गोष्ट, यासाठी इंग्रजीत ‘एलिफंट इन द रूम’ म्हणतात. गेली काही वर्षं आपल्या अनुवादांत आणि वर्तमानपत्रांत हा ‘खोलीतला हत्ती’ होऊन येतो आहे. तो मराठीत का चालत नाही आणि त्याच्या जागी काय येऊ शकतं, हे आपण एका वाक्यावर काम करून पाहू.

आधी हत्तीबद्दल. मराठीत हत्तीला पूर्वीपासून कामं नेमून दिलेली आहेत. दारी हत्ती झुलतात ते वैभवाचे. हत्ती जातो आणि शेपूट राहतं, तेव्हा काम थोडक्यासाठी अडलेलं असतं. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. आणि हत्तीभोवती माणसं जमली की आपल्याला आठवतात ते आंधळे: कोणाला तो खांब वाटतो, कोणाला सूप. म्हणून ‘खोलीत हत्ती होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं’ असं वाचणाऱ्या मराठी वाचकाचं मन अंधगजन्यायाकडे वळतं. त्याला वाटतं, या माणसांना सत्य कळलेलं नाही. मूळ अर्थ नेमका उलटा आहे: त्यांना सगळं कळलेलं आहे. शब्दशः भाषांतर विचित्र वाटतं, हा दोष लहान आहे. ते वाचकाला चुकीच्या अर्थाकडे नेतं, हा दोष मोठा.

आता आपलं वाक्य घेऊ. 1984 साली अमेरिकेत टिपो आणि हेस्टिंग्ज यांचं, मद्यपींच्या मुलांना मदत करणाऱ्यांसाठी लिहिलेलं एक पुस्तक निघालं. त्याच्या नावातच हा दिवाणखान्यातला हत्ती होता. मी त्याच धर्तीचा, पण माझ्या मनातला प्रसंग घेते. वडील पिऊन आतल्या खोलीत पडले आहेत. आजी, आई आणि दहा वर्षांची मुलगी जेवताहेत. समजा, इंग्रजी लेखक एका ओळीत म्हणतो की खोलीत हत्ती होता आणि तिघी भाजीबद्दल बोलत राहिल्या.

पहिला मराठी पर्याय चटकन सुचतो: ‘तिघी मूग गिळून बसल्या होत्या.’ तोंडात मूग धरलेल्याला बोलता येत नाही. चित्र अस्सल आपलं आहे. पण तिघी तर बोलताहेत, भाजीबद्दल का होईना. शिवाय या वाक्प्रचारात दोषारोप आहे. ज्याने बोलायला हवं होतं, ज्याच्यावर बोलण्याची जबाबदारी होती, तो गप्प राहिला की आपण म्हणतो, मूग गिळून बसला. अन्याय होताना गप्प बसलेल्या पुढाऱ्याला हे शोभतं. दहा वर्षांच्या मुलीवर हा आरोप ठेवण्याचा अधिकार अनुवादकाला नाही.

दुसरा पर्याय, ‘अळीमिळी गुपचिळी’. इथे सगळ्यांना ठाऊक असणं आणि सगळ्यांनी मिळून गप्प राहणं, दोन्ही आलं. पण यात संगनमताचा वास आहे. कोणाचं तरी फावतं आहे, म्हणून सगळे गप्प आहेत, असं त्यातून ध्वनित होतं. रस्त्याच्या कंत्राटातला गैरव्यवहार सभेत कोणीच काढत नाही, तिथे हे शब्द चपखल बसतील. त्या जेवणाच्या पानावर कोणाचंच काही फावत नाहीये.

मग मी वाक्प्रचार बाजूला ठेवून अर्थाचे भाग मोकळे केले. ते तीन निघाले: गोष्ट मोठी आहे, ती सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कोणी बोलत नाही. इंग्रजीने हे तिन्ही भाग एका नामात, हत्तीत, कोंबले आहेत. मराठीत अशा वेळी भार क्रियापदावर येतो: मूग गिळणं, ब्र न काढणं, डोळ्यांवर कातडं ओढणं, विषय न काढणं. या सगळ्यांत माणसं काहीतरी करतात किंवा करायचं टाळतात. नामाच्या जागी नाम शोधत राहिलो, तर मराठीत काही सापडत नाही आणि आपण हार मानून हत्तीच आणून बसवतो. क्रियापद शोधलं की वाट मोकळी होते.

म्हणून माझा मसुदा असा झाला: ‘घरात एवढं घडत होतं, तिघींना ते ठाऊक होतं, पण विषय कोणी काढला नाही. भाजीवरच बोलणं चाललं होतं.’ ‘विषय काढणं’ इतकं रोजचं आहे की तो वाक्प्रचार आहे हेही आपल्या लक्षात येत नाही. त्यात आरोप नाही आणि लबाडीही नाही. मात्र हत्तीचा आकार त्यात येत नाही. तो ‘एवढं’ या एका शब्दाने पेलला आहे. तो शब्द काढून वाक्य वाचा, प्रसंग लगेच हलका होतो. आई वडिलांचं ताट झाकून ठेवते, असं लिहिण्याचा मोह मला झाला होता. ते सुंदर दिसलं असतं, पण मुळात ताट नाही, म्हणून मी ते घातलं नाही.

या उपायाला एक मर्यादा आहे. काही लेखक हत्तीला पुढे खेळवतात: तो कूस बदलतो, दार अडवतो, शेवटी निघून जातो. तिथे ‘विषय’ ठेवला तर पुढची पानं कोसळतात. अशा वेळी हत्ती ठेवावा, पण त्याचा अर्थ वाक्यातच उलगडेल असा: ‘घरात जणू हत्ती येऊन बसला होता. तिघी त्याला वळसा घालून ये-जा करत, पण त्याचं नाव काढत नसत.’ ‘वळसा घालणं’ आलं आणि अंधगजन्याय गळून पडला. न पाहता कोणी वळसा घालत नाही. ‘पांढरा हत्ती पोसणं’ आपल्याकडे रुजलं तेही याच कारणाने. ‘पोसणं’ या क्रियापदातून खर्चाचा अर्थ आपोआप कळतो.

जमलं की नाही, हे कसं ओळखायचं? इंग्रजी वाक्प्रचार ठाऊक नसलेल्या माणसाला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा. ‘समजलं का?’ असं विचारू नका. भिडेखातर सगळे हो म्हणतात. ‘त्या घरात काय चाललंय?’ असं विचारा. उत्तर वडिलांबद्दल आलं तर जमलं. हत्तीबद्दल आलं, तर पुन्हा बसावं लागेल.

शेवटी एक विनंती. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’चा पहिला विभाग 1942 साली आला. तो आजही माझ्या टेबलावर असतो. पण तो शब्दांच्या अकारविल्हे क्रमाने लावलेला आहे. ‘मूग’ आठवला तर मूग गिळणं सापडतं. ‘सगळ्यांना ठाऊक, पण कोणी बोलत नाही’ एवढंच डोक्यात असेल, तर कुठलं पान उघडायचं? आपल्याला अर्थावरून लावलेली वही हवी आहे. एका पानावर अर्थ लिहा, त्याखाली सुचलेले मराठी प्रयोग, आणि प्रत्येकापुढे तो कुठे चालत नाही याची एक ओळ. ती ओळ सर्वांत मोलाची, कारण चूक तिथेच होते. पुढच्या संमेलनाला येताना प्रत्येकाने अशी दहा पानं घेऊन यावं. पहिलं पान मी आज इथे लिहून ठेवते आहे.