आल्फा चांगला आला, पुढे काय?

वृद्ध रुग्णांविषयी परिचारिकांची वृत्ती मोजायची आहे, असं समजा. प्रश्नावलीत काही विधानं आहेत. प्रत्येकापुढे 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' असे पाच पर्याय आहेत. ही विधानं एकमेकांशी किती जुळतात, ते क्रॉनबाख यांचा आल्फा सांगतो. तो साधारण 0.70 च्या वर असला, की चालतो. पण आधी उलट्या विधानांचे गुण फिरवावे लागतात. 'वृद्ध रुग्ण कटकट करतात' याला पाच गुण असतील, तर तिथे एक धरायचा. हे राहून गेलं, तर आल्फा कोसळतो. कधी तो उणेही येतो.

कुणी म्हणेल, आल्फा 0.95 आला, आता शंका कशाला? शंका इथेच घ्यावी. एकच विधान शब्द बदलून दहा वेळा विचारलं, तरी आल्फा वाढतो. साऱ्याजणी कमीअधिक प्रमाणात वरिष्ठांना आवडेल असंच उत्तर देत असतील, तरीही तो वाढतो. म्हणून वैधता वेगळी तपासावी. आधी प्रत्येक विधान तज्ज्ञांना दाखवावं. मग वृद्धसेवा स्वतःहून निवडलेल्या परिचारिकांचे गुण इतरांपेक्षा वरचे येतात का, ते पाहावं. लक्षात ठेवा, आल्फा सुसंगती सांगतो, वैधता सांगत नाही.